चार्ज होतोय म्हणजे पोर्ट चांगला, असं नसतं

मंडळी, जुना फोन पैठण गेटच्या दुकानात घ्या, नाहीतर आठवडी बाजाराच्या दिवशी ओळखीतल्या कुणाकडून घ्या, बघणी ठरलेलीच असते. स्क्रीनवर ओरखडे आहेत का बघायचे, कॅमेऱ्यातून एक फोटो काढायचा, दुकानदार चार्जर लावून दाखवतो, हिरवी बॅटरी दिसते, की पैसे मोजून मोकळे. यूएसबी पोर्ट, वायफाय आणि ब्लूटूथ या तिघांकडे कुणी वळूनही बघत नाही. म्हणून आज फक्त त्या तिघांबद्दलच बोलतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या तिघांतला बिघाड एका किमतीचा नसतो. पोर्ट बहुतेक मध्यम किमतीच्या फोनमध्ये खालच्या बाजूच्या छोट्या, वेगळ्या बोर्डावर असतो. कारागीर त्याला सबबोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतात. तो काढून दुसरा बसवता येतो आणि साध्या मॉडेलला हे काम बहुधा काहीशे रुपयांत होतं. वायफाय आणि ब्लूटूथ मात्र बहुतेक वेळा एकाच चिपमधून चालतात आणि ती चिप मदरबोर्डावर बसलेली असते. म्हणजे पोर्ट खराब निघाला तर भाव पाडायचा, चिप खराब निघाली तर फोन परत ठेवायचा. आपल्याला बघायचंय ते एवढंच, की समोर दिसणारा दोष यातला कोणता.

सोबत काय न्यायचं? एक सी-टू-सी केबल, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली, आणि तिला चालणारा चार्जर. वीज गेलेली असेल तर सी पोर्टची पॉवर बँकही चालते. एक ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे थेट फोनच्या पोर्टात लागणारा, त्यात पाच-सहा एमबीचा एक व्हिडिओ. तुमचा स्वतःचा फोन, आणि जमलं तर एक मित्र त्याच्या फोनसकट. सगळं सामान घरी एकदा चालवून बघा, नाहीतर तुमच्याच खराब केबलचं खापर चांगल्या फोनवर फुटायचं.

पोर्टात आधी टॉर्च मारून बघा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ आणि खिशातला कापूस पोर्टाच्या तळाशी जातो, आणि प्रत्येक वेळी केबल खोचली की तो आणखी दाबला जातो. मग केबल पूर्ण आत जात नाही, जरा हलली की चार्जिंग तुटतं, आणि चांगला पोर्ट मेल्यासारखा वागतो. तुमच्या फोनमध्ये तीच केबल किती आत जाते ते बघून ताडून पाहा. इथे ती बाहेर जास्त दिसत असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने कचरा हलकेच काढायला सांगा. पिन किंवा सुई घालू देऊ नका. मधल्या जिभेवर हिरवट किंवा काळे डाग दिसले तर पाणी गेलेलं आहे, आणि ते फक्त पोर्टापुरतंच थांबलं असेल असं समजू नका.

आता खरी चाचणी. टाइप-सी पोर्टाच्या त्या जिभेवर दोन्ही बाजूंना बारा-बारा असे चोवीस संपर्क असतात. त्यांतले चार वीज आणण्यासाठी आणि चार जमिनीसाठी म्हणजे ग्राउंडसाठी. एखादा झिजला तरी बाकीचे काम ओढून नेतात, म्हणून चार्जिंग फार उशिरापर्यंत चालू राहतं. डेटाचं तसं नाही. साध्या केबलमधून डेटासाठी एका बाजूचे दोनच संपर्क वापरले जातात, आणि केबल कशी लावली आहे हे ओळखायला प्रत्येक बाजूला एकच संपर्क असतो, त्याला सीसी म्हणतात. केबल उलटी केली की दुसऱ्या बाजूचे संपर्क कामाला लागतात. म्हणून एकाच बाजूने केबल लावून बघितलं तर तुम्ही निम्मा पोर्ट तपासला.

यात दुकानात सहसा दिसणारी एक मेख आहे. दाखवायला जी केबल लावतात ती बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीवाली असते, म्हणजे ए-टू-सी. तिच्यात पाच व्होल्ट कायम आलेले असतात, त्यामुळे सीसीचा संपर्क गेलेला असला तरी बरेच फोन चार्जिंग घेतात. सी-टू-सीचा चार्जर तसा नाही. समोर फोन आहे हे सीसीवरून कळल्याशिवाय तो वीज सोडतच नाही. म्हणून तुमची सी-टू-सी केबल लावा, चार्जिंग आलं का बघा, मग फोनच्या टोकाला उलटी करून पुन्हा बघा. दोन्हीकडून आलं तर सीसीचे दोन्ही संपर्क ठीक आहेत. मग पेनड्राइव्ह, तोही सरळ आणि उलटा. व्हिडिओ उघडून चालवून बघा, नुसतं नाव दिसण्यावर थांबू नका.

पेनड्राइव्ह दिसला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. ओप्पो, रियलमी, वनप्लस अशा काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आणि वापर नसला की ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. शिवाय एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह कित्येक फोन वाचत नाहीत, म्हणून तो घरूनच एफएटी32 करून न्या. लॅपटॉपला जोडून बघणार असाल तर फोन सुरुवातीला नुसता चार्जिंगवर असतो. नोटिफिकेशन ओढून `File transfer` निवडल्याशिवाय फाइली दिसत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. आठ हजारांचा फोन आहे. दुकानदाराच्या केबलने दोन्ही बाजूंनी चार्ज होतो. तुमच्या सी-टू-सी केबलने मात्र एकाच बाजूने होतो, उलटी केली की काहीच नाही. पेनड्राइव्हही त्याच एका बाजूने दिसतो. कचरा काढून पुन्हा बघितलं, तरी तेच. आता बॅटरी, चार्जर आणि मदरबोर्ड यांच्याकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही, कारण एका बाजूने सगळं सुरळीत चालतंय. दोष पोर्टाच्या एका बाजूच्या संपर्कांत आहे. अशा वेळी त्या मॉडेलच्या सबबोर्डाची किंमत बसवणीसकट शेजारच्या दुरुस्तीवाल्याला विचारा आणि तेवढी रक्कम वजा करून बोला. महागड्या काही मॉडेलांत पोर्ट मुख्य बोर्डावरच डागलेला असतो, तिथे हा हिशोब लागू होत नाही, म्हणून आधी विचारणं गरजेचं. आणि एक, मुख्य माइक बहुधा याच सबबोर्डावर असतो. आवाज रेकॉर्ड करून ऐका. पोर्टासोबत माइकही गेलेला निघणं नवीन नाही.

आता वायफाय. फोन हातात आल्यावर आधी त्याच्या पाठीला हात लावून बघा, गरम आहे का ते. चिपखालचं सोल्डर तडकलेलं असेल तर काही फोनमध्ये वायफाय गार असताना चालतं आणि तापल्यावर बंद पडतं, काहींत नेमकं उलटं होतं. ज्याला हे ठाऊक आहे तो फोन तापवून किंवा गार करून हातात देऊ शकतो. म्हणून गरम असेल तर गार होऊ द्या, बंद करून चालू करा, आणि वायफाय लावा. बटण करडं पडून हलत नसेल, किंवा चालू होऊन लगेच मागे फिरत असेल, तर नेटवर्क सेटिंग रीसेट करून एकदा संधी द्या. तरीही तसंच असेल आणि फोनच्या माहितीत वायफायचा पत्ता `02:00:00:00:00:00` असा दिसत असेल, तर चिप फोनशी बोलतच नाहीये. ‘अपडेट मारला की होईल’ असं सांगणाऱ्याला म्हणा, मग मारून दाखवा, मी थांबतो.

चालू झालं तर सिम काढून ठेवा, मित्राच्या हॉटस्पॉटला जोडा आणि पंधरा-वीस मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. चार्जरही लावून ठेवा, म्हणजे फोन तापेल. पोर्टाची तपासणी याच्या आधी उरकून घ्या, म्हणजे हा वेळ चहासाठी मोकळा राहतो. मे महिन्यात मराठवाड्यात तापवण्याची वेगळी सोय करायला लागत नाही, ही एक त्यातली जमेची बाजू. मात्र उन्हात चार्जिंग मंद झालं तर तो दोष मानू नका, तापलेला फोन स्वतःला जपायला वेग कमी करतो.

राहिली रेंज. दुकानात राउटर डोक्यावरच असतो, तिथे कसलंही वायफाय छान दिसतं. कमजोर अँटेना अंतरावर उघडी पडते. त्यासाठी अनोळखी फोनमध्ये तुमचं खातं टाकून ॲप उतरवण्याची गरज नाही. विकाऊ फोन आणि मित्राचा फोन शेजारी ठेवा, दोघांचेही हॉटस्पॉट 2.4 गीगाहर्ट्झवर चालू करा, आणि वायफायची ताकद दाखवणारं ॲप तुमच्या फोनमध्ये उघडून दहा-बारा पावलं, मध्ये एक भिंत येईल असे लांब जा. काही फोनचं हॉटस्पॉट सिमशिवाय चालू होत नाही, तेवढ्यापुरतं सिम घाला. दोन्ही फोनची कव्हरं काढलेली असू द्या, धातूचं कव्हर रेंज खातं. आणि आकडा बघायला अर्धा मिनिट थांबा, कारण अँड्रॉइड 9 पासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा शोध घेता येतो, त्यामुळे आकडा मागे रेंगाळतो.

आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. समजा मित्राचा फोन उणे 55 दाखवतो आणि विकाऊ फोन उणे 60, तर तो मॉडेलामॉडेलातला फरक आहे, सोडून द्या. पण उणे 55 च्या समोर उणे 78 आलं तर? दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी आणि वीसचा म्हणजे शंभरपट, म्हणजे इथे दोनशेपट कमी. चिप जिवंत आहे, जवळून सगळं चालतंय, पण अँटेनापर्यंत काही पोचत नाही. बहुधा पाठ उघडलेली असते, आणि अँटेनाच्या पट्टीला टेकणारी बोर्डावरची बारीक स्प्रिंग वाकलेली किंवा एखादा स्क्रू बसवायचा राहिलेला असतो. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, पण ‘तुम्ही घ्या, नंतर करून देतो’ यावर नको. आधी करून द्या, मग पुन्हा मोजू. 5 गीगाहर्ट्झचा हॉटस्पॉट फोनला दिसलाच नाही तर आधी मॉडेल बघा, स्वस्तातल्या कित्येक फोनला तो बँडच नसतो.

ब्लूटूथला फार वेळ लागत नाही. तुमच्या फोनला जोडून पेनड्राइव्हमधलाच तो व्हिडिओ पाठवा, पाच-सहा एमबीला अर्धा मिनिट ते पाऊण मिनिट लागणं ठीक आहे. मग तुमचे इअरफोन जोडून, फोन टेबलावर ठेवून सात-आठ मीटर चाला. मध्ये भिंत नसताना आवाज तुटत असेल तर वायफायची रेंज काय आली होती ते आठवा. दोन्ही एकाच 2.4 गीगाहर्ट्झवर आणि बहुतेक फोनमध्ये एकाच अँटेनावर चालतात. दोन्हीकडे रेंज कमी असेल तर दोष अँटेनाचा. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालूच होत नसतील तर चिपचा, आणि मग भाव बोलत बसू नका.

पोर्ट बदलून देतो असं ठरलं तर फोन उघडला जाणार, पाठीमागच्या स्क्रू-पट्ट्या निघणार. म्हणून फोन पुन्हा हातात आल्यावर पोर्ट दोन्ही बाजूंनी बघाच, पण माइकही ऐका आणि भिंतीपलीकडे जाऊन वायफायचा आकडाही पुन्हा एकदा मोजा. पैसे त्यानंतर.