रिक्षाच्या भाड्याचा हिशेब : दीड किलोमीटर दोनदा मोजू नका

नमस्कार श्रोतेहो. रिक्षाचं किंवा टॅक्सीचं भाडं आपण देतो, पण ते बरोबर होतं का, हे फार थोडे लोक तपासतात. कुणाला संकोच वाटतो, कुणाला घाई असते, आणि बऱ्याच जणांना हिशेब नेमका कुठून सुरू करायचा हेच माहीत नसतं. ग्राहकांच्या तक्रारींच्या कामामुळे माझ्याकडे भाड्याचे कागद येत असतात. त्यातलाच एक कागद आज तुमच्यासमोर उलगडून दाखवणार आहे.

आमच्या शेजारच्या काकू रात्रीच्या गाडीनं सातारा स्टेशनवर उतरल्या. स्टेशन माहुलीकडे, गावापासून लांब, त्यामुळे रिक्षा करण्याशिवाय गत्यंतर नसतं. 11 वाजून 40 मिनिटांनी रिक्षा निघाली. त्यांचे दीर सिव्हिल हॉस्पिटलला दाखल होते, म्हणून वाटेत तिथं डबा द्यायला थांबल्या आणि मग समर्थ मंदिराजवळ घरी पोचल्या. रिक्षावाल्यानं 215 रुपये सांगितले. काकूंनी विचारलं, "मामा, कसे झाले एवढे?" त्यानं सरळपणे एका औषधाच्या पावतीमागं सगळं लिहून दिलं. हिशेब लिहून द्यायला तो कचरला नाही, हे मला आवडलं. लिहिलेला हिशेब तपासता येतो, तोंडी आकडा तपासता येत नाही.

पावतीमागं असं लिहिलं होतं: किमान भाडं 25. अंतर साडेसात किलोमीटर, 17 रुपयांनी, म्हणजे 127 रुपये 50 पैसे. थांबण्याची 12 मिनिटं, दीड रुपयानं, 18 रुपये. बेरीज 170 रुपये 50 पैसे. त्यावर रात्रीचे 25 टक्के, 42 रुपये 63 पैसे. एकूण 213 रुपये 13 पैसे, म्हणून 215.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. काकू आणि रिक्षावाला या दोघांनीही दर म्हणून जे आकडे धरले, तेच मी आज वापरतोय. पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये, हे पुण्यात सप्टेंबर 2022 पासून लागू झालेले दर आहेत, आणि थांबण्याचा दीड रुपया हा हिशेबासाठी घेतलेला आकडा आहे. तुमच्या गावचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं आणि ते दरपत्रकावर छापलेले असतात. दरपत्रक रिक्षात असायला हवं. बसण्याआधी ते मागून बघा आणि त्यातले आकडे या हिशेबात घाला. पद्धत तीच राहते.

आता त्या कागदावर चूक कुठं आहे ते बघू. बेरीज, गुणाकार, टक्केवारी सगळं बरोबर आहे. तरीही आकडा चुकलाय. किमान भाड्याचे 25 रुपये हे रिक्षात बसण्याचे पैसे नाहीत, ते पहिल्या दीड किलोमीटरचे पैसे आहेत. म्हणजे साडेसातातले दीड किलोमीटर त्या 25 मध्येच संपले. 17 रुपयांचा दर उरलेल्या 6 किलोमीटरलाच लागतो. रिक्षावाल्यानं 17 नं पूर्ण साडेसात किलोमीटर गुणले, आणि वर 25 मांडले. पहिले दीड किलोमीटर दोनदा मोजले गेले.

बरोबर हिशेब असा होतो. पहिल्या दीड किलोमीटरचे 25. पुढच्या 6 किलोमीटरचे 102. दोन्ही मिळून 127. थांबण्याचे 18 धरून 145. पूर्ण प्रवासाला रात्रीचे 25 टक्के लावले तरी 36 रुपये 25 पैसे वाढतात, एकूण 181 रुपये 25 पैसे. रिक्षावाल्याच्या 213 रुपये 13 पैशांपेक्षा हे 31 रुपये 88 पैशांनी कमी आहे. आता हे 31 रुपये 88 पैसे कुठून आले? दीड किलोमीटरचे 25 रुपये 50 पैसे जास्त धरले होते. त्यावर 25 टक्के आकार चढला, तो 6 रुपये 38 पैसे. म्हणजे मूळ चूक रात्रीच्या टक्केवारीत फुगली. रात्रीच्या बिलात आधी बेरीज तपासायची आणि टक्केवारी नंतर, ती यासाठीच.

ही चूक लबाडीची होती असं मला वाटत नाही, कारण लबाडी करणारा माणूस कागदावर सगळं लिहून देत नाही. किमान भाडं आधी मांडायचं आणि अंतर त्याच्याखाली लिहायचं, अशी सवय असली की दोन्हींची बेरीज आपोआप होते.

तोंडी तपासायची एक सोपी युक्ती सांगतो, ती नीट ऐका. 17 ला दीडनं गुणा. 25 रुपये 50 पैसे येतात. म्हणजे किमान भाडं हे जवळपास दीड किलोमीटरच्याच दराचं आहे. मुंबईचे दर घ्या: 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाला किमान 26 रुपये आणि किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. टॅक्सीला 31 आणि 20 रुपये 66 पैसे. दोन्ही ठिकाणी दर गुणिले दीड केलं की किमान भाड्याच्या अगदी जवळचा आकडा येतो. म्हणून दीड किलोमीटरपेक्षा जास्त जायचं असेल, तर एकूण किलोमीटर गुणिले किलोमीटरचा दर, एवढंच करा. वेगळे 25 मिळवायचे नाहीत. काकूंच्या बाबतीत साडेसात गुणिले 17 म्हणजे 127 रुपये 50 पैसे, आणि नीट मांडलेला हिशेब 127. फरक 50 पैशांचा. तुमच्या दरपत्रकावर मात्र हा गुणाकार एकदा करून बघा. तुमच्या गावच्या किमान भाड्यात दीडऐवजी वेगळं अंतर धरलेलं असेल, तर तेवढं अंतर वजा करून हिशेब मांडा.

मग मध्यरात्रीचा प्रश्न. मुंबईत आणि पुणे शहरात रात्री 12 ते पहाटे 5 या वेळेत 25 टक्के जादा लागतात. काकूंची रिक्षा 11 वाजून 40 ला निघाली. सिव्हिलपर्यंतचे 5 किलोमीटर 11 वाजून 55 ला संपले. तिथं 12 मिनिटं थांबले, 12 वाजून 7 मिनिटांनी निघाले, आणि पुढचे अडीच किलोमीटर रात्रीच्या वेळेत गेले. वेळेप्रमाणे तोडलं, तर 12 वाजेपर्यंतचं भाडं असं होतं: दीड किलोमीटरचे 25, पुढच्या साडेतीन किलोमीटरचे 59 रुपये 50 पैसे, थांबण्याच्या 5 मिनिटांचे 7 रुपये 50 पैसे, मिळून 92. बारानंतरचं: 7 मिनिटांचे 10 रुपये 50 पैसे, अडीच किलोमीटरचे 42 रुपये 50 पैसे, मिळून 53, आणि त्यावर 25 टक्के, 13 रुपये 25 पैसे. एकूण 158 रुपये 25 पैसे.

म्हणजे आपल्याकडे 3 आकडे झाले. रात्रीचा आकार मुळीच न लावता 145, फक्त बारानंतरच्या भागाला लावून 158 रुपये 25 पैसे, आणि सगळ्या प्रवासाला लावून 181 रुपये 25 पैसे. माझं मत विचाराल तर बाराच्या आधीच्या किलोमीटरवर रात्रीचा आकार लावणं योग्य नाही, पण शेवटी तुमच्या दरपत्रकावर काय लिहिलंय ते ग्राह्य. आकार थांबण्याच्या पैशांवरही आहे की फक्त अंतराच्या, हेही तिथंच बघा. त्या शब्दांपाशी थांबायला वेळ नसला, तरी एक खूण पक्की आहे: अंतर आणि मिनिटं बरोबर असतील, तर बिल त्या तिसऱ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. काकूंना सांगितलेले 215 रुपये त्याच्याही वर होते, म्हणून दुसरं काही न बघताही चूक आहे हे कळत होतं.

थांबण्याच्या पैशांत आणखी एक घोळ होतो, आणि तो मीटरवर जाणाऱ्या रिक्षात जास्त होतो. इलेक्ट्रॉनिक मीटर चालू राहिलं की गाडी उभी असतानाही पैसे चढत राहतात. मीटरवर भाडं, अंतर आणि थांबण्याचा वेळ वेगवेगळे दिसतात. म्हणजे थांबण्याचे पैसे मीटरवरच्या भाड्यात आधीच आलेले असतात. मग "मीटरचे एवढे आणि वेटिंगचे एवढे" असं कुणी म्हणालं, तर वेटिंग दोनदा लागलं. गाडी थांबवताना मीटरवरचा वेळ बघून ठेवा, परत बसताना पुन्हा बघा. सिग्नलला किंवा गर्दीत उभं राहिलेला वेळही त्यात येतो, तेव्हा तुमच्या 12 मिनिटांपेक्षा मीटरचा आकडा थोडा जास्त असेल तर लगेच भांडायला जाऊ नका. रात्रीच्या आकाराचं मात्र उलट आहे. मीटरनं तो धरलाय की नाही, हे नुसतं आकडा बघून कळत नाही, म्हणून "मामा, यात रात्रीचं आलंय का?" असं आधीच विचारा. आणि दर नुकतेच बदलले असतील, मीटर नव्या दराला लावून घेतलेलं नसेल, तर मीटरवरचा आकडा जुन्या दराचा असतो. अशा वेळी नवं दरपत्रक बघूनच पैसे ठरतात.

तुम्ही म्हणाल, साताऱ्यात बऱ्याचदा मीटर टाकतच नाहीत, भाडं ठरवूनच बसतात. खरं आहे. पण ठरवतानासुद्धा हाच हिशेब डोक्यात असावा. स्टेशनवरून समर्थ मंदिर दिवसा साडेसात किलोमीटर धरा, 127 रुपये होतात. कुणी 150 सांगितले तर तुम्हाला बोलायला आधार आहे, आणि 250 सांगितले तर ते जवळपास दुप्पट आहे हे लगेच दिसतं. मात्र रिक्षावाल्याची बाजूही आहे: स्टेशनवरून गावात आलेल्या रिक्षाला परतीचं गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. गाडी आल्याशिवाय स्टेशनवर माणूस नसतो. रिकामं परत जाण्याचे पैसे हवे असतील तर ते बसण्याआधी बोलून ठरवायचे. उतरल्यावर किलोमीटर वाढवून ते वसूल करणं मात्र चुकीचं.

किलोमीटर तपासणं सोपं आहे. फोनवरच्या नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर बघा, पण रिक्षा ज्या रस्त्यानं गेली तोच रस्ता निवडा. पोवई नाक्यावरून जाण्याऐवजी दुसरीकडून वळसा पडला असेल, तर थोडा फरक येणारच. साडेसातच्या जागी मीटर साडेनऊ दाखवत असेल आणि रस्ता तोच असेल, तर मात्र मीटर तपासायला हवं. मीटरवर वैधमापन विभागाचा शिक्का असतो. तो तुटलेला आहे का, हे उतरताना बघा.

हिशेब चुकलाय असं वाटलं तर आधी शांतपणे बोला. काकूंनी तेच केलं. रिक्षावाल्याला कागदावरचे पहिले दीड किलोमीटर वजा करायला सांगितले. त्यानं तिथंच पुन्हा बेरीज केली आणि 180 घेतले. कुणी ऐकतच नसेल, तर मीटर बंद करण्याआधी त्याचा फोटो काढा, गाडीचा नंबर, तारीख आणि चढण्या-उतरण्याची वेळ लिहून घ्या, आणि तेवढ्यावर आरटीओ कार्यालयात लेखी तक्रार द्या. "जास्त पैसे घेतले" एवढंच लिहून भागत नाही. किती अंतर, किती मिनिटं, कोणता दर आणि कितीचा फरक, हे चार आकडे तक्रारीत असू द्या, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्यालाही तोच हिशेब करून बघता येईल.