निरोपाच्या जेवणातली चार इटालियन वाक्यं

मंडळी, इटलीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या माणसावर परतताना एक वेळ येतेच. निरोपाचं जेवण असतं, हातात पेला असतो आणि सगळं टेबल त्याच्याकडे पाहत असतं. त्या वेळेसाठी चार वाक्यं पुरतात:

ग्रात्स्ये दी तुत्तो. मी मांकेरेते. नोन् ए उन् अद्दीओ, ए उन् अर्रिवेदेर्ची. आल्ला वोस्त्रा!

अर्थ असा: सगळ्याबद्दल आभार. तुमची आठवण येईल. हा कायमचा निरोप नाही, पुन्हा भेटू. तुमच्या आरोग्यासाठी!

माझं म्हणणं असं की ही वाक्यं मराठी तोंडाला सोपी आहेत. इटालियन त आणि द दातांवरचेच आहेत, आपल्या 'ताट' आणि 'दार'मधले. ट-ड केलं की इंग्रजी वास येतो. जोडाक्षरही आपल्या सवयीचं आहे. 'पती' आणि 'पत्ती' यांत आपण कधी गोंधळत नाही. 'तुत्तो'तल्या त वर तसंच थांबायचं, आणि आधीचा उ ऱ्हस्व ठेवायचा. हे थांबणं शोभेचं नाही. 'आन्नो' म्हणजे वर्ष, आणि एक न गाळला की 'आनो', म्हणजे गुदद्वार. नववर्षाच्या शुभेच्छा देताना ही चूक फार महागात पडते. 'अद्दीओ'तला द आणि 'अर्रिवेदेर्ची'तला र असेच दुहेरी आहेत.

आपली जीभ अडते ती 'ग्रात्स्ये'वर. 'चाक'मधला च तोच आहे, पण पुढे इ-य आला की आपण तो सवयीने 'चिंच'मधला पहिला च करतो आणि 'ग्राच्ये' होतं. म्हणून मनात 'उत्सव'मधला त्स धरा. उलट 'देर्ची'तला च मात्र 'चिंच'चाच.

वेळ संपत आलीय, म्हणून उरलेलं भराभर सांगते. 'मी मांकेरेते'तला 'मी' म्हणजे 'मला': मला तुम्ही उणे पडाल, अशी रचना. हा आपला 'मी' समजून कुणी वाक्य फिरवून 'वी मांकेरो' म्हणालं, तर अर्थ होतो 'तुम्हाला माझी उणीव भासेल'. 'वोस्त्रा'चं 'वोस्त्रो' करू नका. पुढचा 'सालूते', म्हणजे आरोग्य, हा न उच्चारलेला शब्द स्त्रीलिंगी आहे. आघात प्रत्येक मोठ्या शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरावर: मांकेरे-ते, अद्दी-ओ, अर्रिवेदेर्-ची.

पाठ करताना शेवटाकडून या. आधी फक्त 'आल्ला वोस्त्रा', मग त्याला मागचं एकेक वाक्य जोडा. त्यामुळे शेवट सगळ्यात पक्का होतो, आणि मधलं विसरलं तरी पेला उचलता येतो. 'नोन् ए' एका श्वासात 'नोने' म्हणा. पेल्यात पाणी नको, पाण्याने शुभेच्छा देणं तिथे अपशकुनी मानतात. दारू नको असेल तर फळांचा रस घ्या. पेला भिडवताना नजर समोरच्याच्या डोळ्यांत ठेवा. उत्तर येईल, 'चिन चिन!'