कोरसच्या आधीची चढण

आज फक्त प्री-कोरसबद्दल बोलायचंय. आपल्याकडची बरीच नवी गाणी ऐकताना मला जाणवतं की कोरस छान असतो, व्हर्सही बरा असतो, पण मधल्या आठ मात्रांच्या, सॉरी, आठ बारच्या तुकड्यात कोणी फारसं लक्ष घातलेलं नसतं, आणि मग कोरस चांगला असूनही तो लागत नाही.

आपल्या कानाला ही चढण नवीन नाहीये. अंतरा वर जातो, बऱ्याचदा तार सा गाठतो, आणि मग शेवटच्या ओळीने, जिला आपण क्रॉस लाइन म्हणतो, मुखड्यावर उतरतो. म्हणजे उंची अंतऱ्यात असते आणि मुखडा बहुतेक वेळा खाली असतो. प्री-कोरसमध्ये उलटं आहे, इथे चढायचं पण पोचायचं नाही, पोचायचं ते कोरसमध्ये. अंतरा लिहायची सवय असलेला माणूस प्री-कोरसमध्येच तार सा लावून मोकळा होतो आणि मग कोरसला वर जायला जागाच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ, आजच्यासाठीच बांधलंय. सा पांढरी एक, पुरुषाचा आवाज. व्हर्सची ओळ अशी: "फोन उशाला ठेवून मी रात्र सगळी जागून काढतो". ही ओळ चार बार चालते, सा ते ग एवढ्यातच फिरते, बोलल्यासारखी. कोरसचा पहिला शब्द आहे "आलोच!" आणि त्यातला "आ" तार सा वर. हे मी आधी ठरवलं. कोरसचा पहिला स्वर ठरल्याशिवाय प्री-कोरस लिहायला बसूच नका, कारण कुठे थांबायचं तेच कळणार नाही.

आता मधला भाग. "तू म्हणतेस काही नाही", दोन बार, रे वरून निघून म वर थांबतं. "आवाज सांगतो वेगळंच", परत दोन बार, पण ग वरून निघून प वर. बघा, दुसरी ओळ पहिलीच्या शेवटापासून सुरू होत नाही, थोडी मागे येते आणि मग आधीपेक्षा वर जाते, त्यामुळे सरगम म्हटल्यासारखं सरळसोट वाटत नाही. मग "हाक दे", एक बार, प वरून ध. "खूण कर", एक बार, ध वरच अडून बसायचं. "की मी", एक बार, नी. आणि आठवा बार रिकामा. कॉर्ड्स डी मायनर, ई मायनर, एफ, जी, म्हणजे खाली बेसही एकेक पायरी वर येतोय आणि सी कॉर्ड मी मुद्दाम कुठेच घेतलेली नाही, ती घेतली की कानाला घरी आल्यासारखं होतं आणि सगळा ताण तिथेच संपतो.

शब्दांचंही तेच. "की मी" इथे वाक्य अर्धवट आहे, नी पण अर्धवट आहे, दोघांनाही पुढचा "आलोच!" हवाय. प्री-कोरसमध्ये वाक्य पूर्ण करू नका, आणि कोरसचा मुख्य शब्द तिथे आधीच वापरू नका.

ओळी आखूड करायच्या म्हणजे काय, यात एक गोंधळ नेहमी होतो. लोक बार कमी करतात पण शब्द तेवढेच ठेवतात, मग एका बारमध्ये आठ-नऊ अक्षरं कोंबली जातात, गायक धावतो, श्वास मिळत नाही आणि ऐकणाऱ्याला ताणाऐवजी नुसती घाई ऐकू येते. मराठीत जोडाक्षरं आली की हे आणखी बिघडतं. "हाक दे" दोनच शब्द आहेत, त्यानंतर बारमध्ये मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत पुढची ओळ लवकर यावीशी वाटते, खरी ओढ तिथे आहे.

तपासायचं कसं? ड्रम रोल, तो सूं करत वर जाणारा सिंथचा आवाज, सगळं बंद करा आणि फक्त गिटारवर गाऊन बघा. चढण जाणवली नाही तर ती चालीत नव्हतीच, अरेंजमेंटने उचललेली होती. दुसरं म्हणजे प्री-कोरस गाळून व्हर्सवरून थेट कोरसवर उडी मारा. काहीच राहून गेल्यासारखं वाटत नसेल तर तो भाग काढून टाका, मी खरंच सांगतोय, प्रत्येक गाण्याला तो लागत नाही. ज्याचा व्हर्सच आधीपासून प-ध च्या आसपास फिरतोय तिथे चढायला जागा नसते, तिथे एकतर व्हर्स खाली आणा नाहीतर प्री-कोरसचा नाद सोडा.

दुसऱ्यांदा प्री-कोरस येतो तेव्हा मी शब्द तेच ठेवतो पण रिकामा आठवा बार कापतो. लोक त्या शांततेची वाट बघत असतात आणि "आलोच!" एक बार आधीच येऊन पडतो. फक्त ड्रमरला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो त्या बारमध्ये फिल मारतो.