सीआयएफमध्ये विमा कोणाचा आणि उतराईचा खर्च कोणाचा?

नमस्कार. सांगलीच्या एका निर्यातदाराने हळद पावडरीचा कंटेनर न्हावा शेवा बंदरातून जर्मनीतील हॅम्बुर्गला पाठवला आहे, असे समजू. सौदा ४०,००० डॉलरचा आहे आणि करारात ‘सीआयएफ हॅम्बुर्ग, इन्कोटर्म्स २०२०’ एवढेच लिहिले आहे. इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याची की खरेदीदाराची, हे ठरवणारे आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम; सीआयएफ ही त्यांतली एक अट, जिच्यात मालाच्या किमतीत विमा आणि जहाजाचे भाडे धरलेले असते.

विम्याचा हप्ता विक्रेता भरतो, म्हणून वाटेतील नुकसानही त्याचेच, असे अनेकजण धरून चालतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. भाडे व विमा हॅम्बुर्गपर्यंत विक्रेत्याकडे असला, तरी माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. म्हणजे विक्रेता पैसे भरून जो विमा उतरवतो, तो खरेदीदाराच्या जोखमीसाठी असतो आणि दावाही सहसा खरेदीदारालाच करावा लागतो.

विमा किती रकमेचा हवा, हेही ठरलेले आहे. तो कराराच्या किमतीच्या किमान ११० टक्के, म्हणजे इथे ४४,००० डॉलरचा आणि कराराच्याच चलनात हवा. मात्र वेगळे काही ठरले नसेल, तर सीआयएफमध्ये विक्रेत्याने ‘क्लॉज सी’ हे सर्वांत कमी संरक्षण घेतले तरी पुरते. त्यात आग, जहाज बुडणे, टक्कर अशी मोठी संकटे येतात; पण कंटेनरच्या छताला भोक पडून समुद्राचे पाणी आत शिरले आणि हळदीच्या गोण्यांचे गोळे झाले, तर ‘क्लॉज सी’खाली भरपाई मिळत नाही. तेव्हा हॅम्बुर्गचा खरेदीदार विक्रेत्यावर कितीही चिडला, तरी विक्रेत्याने नियम मोडलेला नसतो. ‘क्लॉज ए’ हे सर्वांत व्यापक संरक्षण असते, तर हे नुकसान भरून मिळाले असते. सीआयपी या इन्कोटर्म्सच्या दुसऱ्या अटीतही भाडे व विमा विक्रेत्याकडेच असतो, पण माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराकडे जाते; तिच्यात २०२० पासून ‘क्लॉज ए’ हाच मूळ नियम आहे. शिवाय कंटेनर जहाजावर चढण्याआधीच वाहतूकदाराच्या ताब्यात जात असल्याने अशा मालासाठी, माझ्या मते, सीआयपीच अधिक योग्य आहे.

आता उतराईचा खर्च पाहू. हॅम्बुर्गला शिपिंग लाइनचा एजंट टर्मिनल हँडलिंगचे, म्हणजे बंदरात कंटेनर उतरवून हाताळण्याचे, बिल खरेदीदाराच्या हाती ठेवतो आणि खरेदीदार ते रागाने सांगलीला पाठवतो. सीआयएफचा नियम असा, की उतराईचा खर्च खरेदीदाराचा. पण वाहतुकीच्या करारानुसार तो विक्रेत्याच्या खात्यावर असेल, तर विक्रेत्याचा. म्हणून उत्तर विक्रीकरारात नव्हे, तर शिपिंग लाइनच्या दरपत्रकात सापडते. डीटीएचसी म्हणजे माल पोहोचतो त्या बंदरातील टर्मिनल हँडलिंगचा खर्च. तिथे ‘डीटीएचसी प्रीपेड’ असेल, तर विक्रेत्याने तो भरलेला असतो आणि वेगळे ठरलेले नसल्यास तो खरेदीदाराकडून वसूल करता येत नाही. ‘डीटीएचसी कलेक्ट’ असेल, तर ते बिल हॅम्बुर्गच्या खरेदीदारानेच भरायचे. या दोन शब्दांची खात्री भाडे ठरवतानाच करून घ्यावी आणि विमा ‘क्लॉज ए’चा हवा असेल, तर तेही त्याच वेळी विक्रीकरारात लिहून घ्यावे.