मुलाखतीची वेळ ठरवणाऱ्या माणसाला आभाराच्या दोन ओळी

मी नऊ वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत मुलाखतींच्या वेळा जुळवण्याचं काम केलं. तीन पॅनेल सदस्यांची कॅलेंडरं, एक रिकामी खोली आणि उमेदवाराची रजा, हे सगळं एका तासात बसवायचं. त्यातला एक जण ऐनवेळी मीटिंगमध्ये अडकला की मांडलेला डाव पुन्हा मांडायचा.

एकदा नाशिकहून एक मुलगा अकराच्या मुलाखतीसाठी आला. ती तीनवर गेली. मी त्याला कॅन्टीनचं कूपन दिलं आणि परतीच्या बसची वेळ विचारून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी वेळ कळवली होती त्याच मेलला त्याचं उत्तर आलं:

‘मॅडम, काल वेळ बदलल्यावर तुम्ही माझी बस लक्षात ठेवून मुलाखतीची शेवटची फेरी आधी घेतलीत, त्यामुळे मी रात्री घरी पोहोचलो. रिसेप्शनवरच्या ताईंनी माझी बॅग चार तास सांभाळली, त्यांनाही माझे आभार सांगा.’

एवढंच. निकाल कधी लागेल, हे विचारलं नव्हतं. ते विचारलं असतं तर आभार बाजूला राहिले असते आणि ती चौकशी ठरली असती.

आता हे वर कसं पोहोचतं? पॅनेलचे अभिप्राय गोळा करणं आणि निर्णयाची बैठक लावणं हेही माझंच काम. त्या बैठकीत दोन उमेदवार जवळजवळ सारखे होते. जागा ग्राहकांशी रोज बोलण्याची होती. मॅनेजरनी मला सहज विचारलं, ‘चार तास थांबावं लागलं तेव्हा कसा होता तो?’ मी मेल वाचून दाखवला. त्याची निवड झाली. कौशल्यात तो मागे असता तर त्या मेलनं काही झालं नसतं, हेही तितकंच खरं.

अमेरिकेतल्या झॅपोस कंपनीत तर हे मुद्दाम पाहत. मुलाखत संपली की उमेदवाराला गाडीतून आणणाऱ्या चालकाला विचारलं जाई, हा तुमच्याशी कसा वागला? कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोनी शे यांनीच हे सांगितलं होतं. वागणं वाईट असेल, तर बाकी दिवस कितीही छान गेला तरी नोकरी नाही.

म्हणून आभार लिहायचे तर वेळ ठरवणाऱ्या माणसानं नेमकं काय केलं, ते लिहा. ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद’ असे मेल मला बरेच यायचे, पण एकही आठवत नाही. पॅनेलला पाठवलेलंच पत्र नाव बदलून पाठवू नका. दोन्ही एकाच टेबलावर येतात. भेटवस्तू तर नकोच, ती परत करताना आमचीच पंचाईत होते. सरकारी भरतीत मात्र मुलाखत मंडळाच्या कार्यालयाला असं काहीच पाठवू नका, तिथं त्याचा अर्थ वेगळा लागू शकतो.

रिसेप्शनवरच्या ताई आमच्या कंपनीच्या नव्हत्या, एजन्सीकडून आलेल्या होत्या. त्यांना कंपनीचा मेल आयडीही नव्हता. मी तो मेल छापून त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला.