फाइल कुणाच्या नावावर आहे?

(भोसरीतल्या लघुउद्योजकांच्या मासिक सभेत झालेलं भाषण, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेवर छापलाय, "गुगल वर्कस्पेस बंद करण्याआधी मेल कसे हलवायचे". मेलवर येतोच, पण त्याआधी मला फाइलींबद्दल बोलायचंय, कारण सोळा वर्षं हेच काम करतोय आणि मेल गेले म्हणून रडलेला माणूस मी फारसा पाहिलेला नाही, फाइली गेल्या म्हणून डोकं धरून बसलेले मात्र बरेच पाहिलेत.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांची शेती आहे गावाला? बघा, निम्मे हात वर. मग तुम्हाला कब्जा आणि मालकी यातला फरक मी सांगायला नको. चुलतभाऊ वीस वर्षं जमीन कसतोय, विहीर त्यानेच खणली, पण सातबाऱ्यावर नाव काकांचं. ड्राइव्हवरची फाइल अगदी तशीच असते. तुम्हाला ती दिसते, तुम्ही रोज त्यात भरता, एडिटचा हक्क तुम्हाला आहे, पण ओनर कोण? ज्याने ती पहिल्यांदा तयार केली तो. आणि इथेच गंमत अशी की फोल्डर तुमचं असलं तरी आतली फाइल तुमची नसते. मालकाने "कोटेशन" नावाचं फोल्डर करून सगळ्यांना शेअर केलं, त्यात एस्टिमेशनच्या मुलाने नवीन शीट उघडली, की ती शीट त्या मुलाच्या नावावर. वाडा तुमचा, आतलं कपाट त्याचं.

चाकणजवळचा माझा एक क्लायंट आहे, नाव घेत नाही, डाय आणि फिक्स्चर बनवतात, १८ खाती होती त्यांची. एस्टिमेशन बघणारा मुलगा एप्रिलमध्ये नोकरी सोडून गेला, चांगला निरोप देऊन गेला, भांडण वगैरे काही नाही. तशीही सगळी सिस्टीमच बंद करून स्वस्तातल्या दुसऱ्या मेलवर जायचं ठरलं होतं, तर एका सीटचे पैसे उगाच कशाला म्हणून अकाउंट्सच्या बाईंनी ॲडमिनमध्ये जाऊन त्याचं खातं डिलीट केलं. डिलीट करताना स्क्रीन विचारते, याचा ड्राइव्हचा डेटा कुणाला द्यायचा? त्यांना वाटलं त्याच्या पर्सनल गोष्टी असतील, आपण कशाला घ्यायच्या. ट्रान्सफर नको म्हणाल्या. त्यांची यात काडीची चूक नाही, मी हे सगळीकडे ठासून सांगतो, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ती फाइल त्या मुलाची मानली जाते.

आता डिलीट झालेलं खातं २० दिवस परत आणता येतं. एकविसाव्या दिवशी नाही. आणि पहिले काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नाही कारण मे महिन्यात निम्मे लोक गावाला. जूनमध्ये जुन्या पार्टीचा रिपीट ऑर्डरसाठी फोन आला, फोल्डर उघडलं तर अर्धं रिकामं. चार वर्षांचे कोटेशनचे हिशेब, म्हणजे स्टील किती किलो, मशिनिंगचे तास किती, हार्डनिंगला बाहेर किती दिले, सगळं त्या शीटमध्ये होतं. आम्ही शेवटी सेंट मेलमधून पीडीएफ शोधल्या, साठेक कोटेशन सापडली, पण पीडीएफमध्ये फक्त शेवटचा आकडा असतो, तो कसा आला ते नसतं. मालक मला म्हणाले, "दादा, रेट आहे, पण हा रेट मी का दिला होता तेच मला आठवत नाही." त्या वाक्याने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून मी म्हणतो सिस्टीम सोडायची ठरली की पहिलं काम मेल नाही, पहिलं काम ओनर. ड्राइव्हमध्ये लिस्ट व्ह्यू लावा, फोल्डर उघडा, ओनरचा कॉलम वाचा. किंवा सर्चमध्ये त्या माणसाचा पत्ता असा टाका:

```
owner:estimation@example.com
```

जेवढ्या फाइली तुम्हाला दिसतात त्यातल्या त्याच्या नावावरच्या समोर येतात. मग ॲडमिनने ड्राइव्हच्या सेटिंगमधून मालकी एका खात्यावर घ्यायची, मी मालकाच्या खात्यावर घेतो. एक मर्यादा लक्षात ठेवा, वर्कस्पेसमधली ही मालकी संस्थेच्या बाहेर जात नाही. तुमच्या साध्या पर्सनल जीमेलच्या नावावर फाइल करून द्यायची म्हटली तर होत नाही, तिथे कॉपीच करावी लागते, आणि कॉपीत जुन्या व्हर्जन येत नाहीत, लोकांना पाठवलेली लिंक पण वेगळी होते. म्हणजे आत आधी सगळं एकाच्या नावावर, मग बाहेर.

आता बाहेर कसं? इथे दुसरा घोळ. डेस्कटॉपवर गुगल ड्राइव्ह असतो, जी ड्राइव्ह म्हणून दिसतो, माणूस काय करतो, सगळं सिलेक्ट करून बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करतो. कॉपी दोन मिनिटांत होते आणि माणूस खूश होतो. दोन मिनिटांत झाली याच गोष्टीने शंका यायला हवी. त्यातल्या वर्ड, पीडीएफ, फोटो या खऱ्या फाइली आहेत, पण गुगल शीट आणि गुगल डॉक म्हणून दिसतात त्या नुसत्या पाट्या आहेत. त्यातली एक नोटपॅडमध्ये उघडून बघा, मी इथे स्क्रीनवर दाखवतो:

```
{"":"WARNING! DO NOT EDIT THIS FILE! ...","doc_id":"1aB...","email":"..."}
```

एवढंच. आकडा एक नाही, नुसता पत्ता. खातं बंद झालं की हार्डडिस्कवर घरांच्या पाट्या राहतात आणि घरं नसतात. फाइलीचं नाव .gsheet किंवा .gdoc ने संपलं की समजा आत काही नाही. यासाठी टेकआउट, म्हणजे गुगलमधला सगळा डेटा एकदम उतरवायची गुगलचीच सोय, वापरा किंवा ड्राइव्हमधूनच डाउनलोड करा, म्हणजे शीटचं एक्सेल होऊन येतं. टेकआउटचं पण लक्षात ठेवा, दुसऱ्याने तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली त्यात येतीलच असं धरून चालू नका, म्हणून तर मी आधी ओनरवर एवढा वेळ घातला.

आणि एक्सेल झालं म्हणजे झालं असंही नाही. हे जरा शांतपणे ऐका कारण हे दिसत नाही. त्याच कंपनीत रेटची एक मास्टर शीट होती, बाकीच्या कोटेशन शीट तिथून रेट ओढायच्या, IMPORTRANGE ने. हे फंक्शन एक्सेलमध्ये नाही. गुगल डाउनलोड करताना सेलमध्ये असं काहीतरी लिहून देतो:

```
=IFERROR(__xludf.DUMMYFUNCTION("IMPORTRANGE(...)"),92)
```

एक्सेलला ते मधलं फंक्शन कळत नाही, एरर येते, आणि एरर आली की IFERROR शेवटचा आकडा दाखवतो, ९२. म्हणजे शीट एकदम ठीक दिसते, लाल काही नाही, त्रिकोण नाही. पण ९२ हा डाउनलोडच्या दिवसाचा रेट आहे आणि तो आता कधीच बदलणार नाही. मास्टरमध्ये १०४ केले तरी कोटेशन ९२ नेच जाणार. दोनशे किलोच्या डायला फक्त मटेरियलमध्येच २,४०० चा खड्डा, आणि तुम्ही म्हणाल मार्जिन कुठे जातंय. आम्ही एक्सेलमध्ये Ctrl आणि F दाबून, शोध फॉर्म्युल्यात लावून, DUMMYFUNCTION शोधलं, ४१ सेल निघाले, प्रत्येक ठिकाणी हाताने एक्सेलची लिंक घातली. एक दिवस गेला, पण मला विचाराल तर सगळ्या कामात तो दिवस सगळ्यात सार्थकी लागला.

वेळ? पाच मिनिटं? बरं बरं, मेलवर येतो, तीच पत्रिका आहे.

मेलचं काम तसं सरळ आहे, जुन्या मेलबॉक्समधून नव्यात आयमॅपने ओढायचं, त्यासाठी imapsync हा प्रोग्राम किंवा नव्या कंपनीचं टूल. पण गुगल आयमॅपवरून एका खात्याचं दिवसाला २,५०० एमबीच उतरवू देतो, म्हणजे २२ जीबीच्या मेलबॉक्सला नऊ दिवस. सगळी खाती एकदम लावली तरी चालतं कारण मर्यादा खात्यामागे आहे, पण शनिवारी सुरू करून सोमवारी उरकू असं ठरवू नका. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात, एका मेलला दोन लेबल असली की नव्या जागी तो दोन फोल्डरमध्ये दोनदा येतो आणि "ऑल मेल" घेतलं तर तिसऱ्यांदा, म्हणून लोक ते वगळतात, आणि मग लेबल न लावता अर्काइव्ह केलेले मेल फक्त तिथेच असतात ते कायमचे सुटतात. ऑल मेल सगळ्यात शेवटी ओढा, आधी आलेले वगळून.

सेल्स आणि अकाउंट्सचे पत्ते तपासा. ते बहुतेकदा मेलबॉक्स नसतातच, ग्रुप असतात, त्यामुळे यादीत दिसत नाहीत, आणि नव्या ठिकाणी तसा पत्ता बनवला नाही की एमएक्स, म्हणजे डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचे ते सांगणारी नोंद, बदलल्या क्षणी ग्राहकांचे मेल परत जायला लागतात. एमएक्स बदलण्याच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात धरायची ते, ३०० सेकंद करा, म्हणजे पाच मिनिटं, बदलल्यावरही दोन-तीन दिवस जुन्या ठिकाणी एखादा मेल पडेल, तो परत एकदा ओढा. तुमच्या डोमेनवरून मेल कोण पाठवू शकतो ते सांगणारा एसपीएफ रेकॉर्ड एकच ठेवायचा, दोन झाले की दोन्ही बाद. ऑफिसच्या स्कॅनरमध्ये जुना पासवर्ड आहे तो पण बदला, स्कॅन मेल बंद पडल्यावरच तो आठवतो.

आणि डोमेन जिथे घेतलंय तिथल्या लॉगिनला तुमच्याच डोमेनचा मेल दिलेला असेल, तर आजच बाहेरचा पत्ता द्या, नाहीतर मेल बंद, पासवर्ड रीसेटचा मेल येणार कुठे? जीएसटी पोर्टलवर कुठला मेल नोंदवलाय तेही त्याच यादीत टाका. सबस्क्रिप्शन सगळ्यात शेवटी कॅन्सल. वर्षाचा प्लॅन असेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे द्यावेच लागतात, म्हणून करार कधी संपतो ती तारीख बघून मागे मोजत या, आणि रिसेलरकडून घेतलं असेल तर त्यालाच सांगावं लागतं.

काय विचारायचंय तुम्हाला? मागे, निळा शर्ट. तुमचा माणूस गेला, खातं डिलीट केलं, ट्रान्सफर केलं की नाही आठवत नाही? किती दिवस झाले? सतरा? अहो मग सभा सोडा, बाहेर जाऊन ॲडमिन उघडा, युजर्समध्ये फिल्टरला "रिसेंटली डिलीटेड" लावा, नाव दिसलं की रिकव्हर करा, एक सीट रिकामी लागेल ती घ्या. परवापर्यंत थांबू नका. चहा तुमच्यासाठी ठेवतो आम्ही.