अस्पष्ट चित्रातला स्पष्ट चेहरा येतो कुठून?

मित्रहो, सीसीटीव्हीच्या फुटेजमधून एक गाडी जाते. नंबर प्लेटच्या जागी नुसती पांढरट पट्टी दिसते. मग कुणीतरी म्हणतं, "आता सॉफ्टवेअर आलंय, त्यात टाका, नंबर दिसेल." आणि नंबर खरंच दिसतो. ठळक, स्वच्छ कडांचा, सहज वाचता येणारा. पण तो त्या गाडीचाच असेल याची काहीही खात्री नसते. असं का, हे आज मला सांगायचं आहे, आणि त्यासाठी एका पिक्सेलपासून सुरुवात करतो.

कॅमेऱ्यातलं चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. कृष्णधवल चित्रात दर पिक्सेलला ० ते २५५ मधला एक आकडा असतो; ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. समोरच्या दृश्याचा जेवढा तुकडा एका पिक्सेलवर पडतो, त्या सगळ्या तुकड्याच्या उजेडाची साधारण सरासरी तिथे नोंदली जाते. समजा एका पिक्सेलचा आकडा १०० आहे आणि त्याचे आपल्याला चार पिक्सेल करायचे आहेत, दोन आडवे, दोन उभे. सरासरी १०० राहायची तर चौघांची बेरीज ४०० हवी. अशी बेरीज किती प्रकारे जमते? मोजून पाहिलं तर ८७,५२,७४१ प्रकारे. चारही शंभर चालतात. दोन दोनशे आणि दोन शून्य चालतात, आणि त्यातही काळी बाजू डावीकडे, उजवीकडे, वर, खाली किंवा तिरपी, काहीही चालतं. कॅमेऱ्यासमोर यातलं नेमकं काय होतं, हे त्या एका शंभरात उरलेलंच नाही. ती माहिती चित्रात कुठे दडून बसलेली नाही; सरासरी नोंदली गेली तेव्हाच ती गेली.

तरीही सॉफ्टवेअरला या सत्त्याऐंशी लाखांतून एक प्रकार निवडावा लागतो. तो कसा निवडतं? त्याला आधी लाखो स्पष्ट चित्रं दाखवलेली असतात. प्रत्येक चित्र मुद्दाम लहान आणि अस्पष्ट करायचं, ते नेटवर्कला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या उदाहरणांवरून शिकणाऱ्या आकडेमोडीच्या जाळ्याला द्यायचं आणि मूळ चित्र ओळखायला लावायचं. चूक झाली की आतले आकडे थोडे बदलायचे. असं पुन्हा पुन्हा केलं की ते शिकतं: अशा प्रकारच्या पुसट डागाच्या जागी बहुतेक वेळा पापणीचे केस असतात, अशा पट्टीच्या जागी विटांची भिंत असते. ज्या चित्रांवर ते शिकलं, त्यांत सहसा काय असतं हे त्याला चांगलं कळतं. तुमच्या फुटेजमध्ये त्या रात्री काय होतं, हे कळायला त्याच्याकडे तुमच्या पुसट पिक्सेलखेरीज काही नसतं. जे कमी पडतं, ते शिकलेल्या चित्रांतून भरलं जातं.

आता नंबर प्लेटकडे येऊ. इंग्रजी आठचा आकडा आणि इंग्रजी बी हे अक्षर घ्या. जुन्या डिस्प्लेवर असायची तशी पाच घरं रुंद आणि सात घरं उंच अशी जाळी काढा, म्हणजे एकूण पस्तीस घरं. त्यात आठ काढा, शेजारच्या जाळीत बी काढा आणि घर घर ताडून पाहा. फरक फक्त तीन घरांचा निघतो: डाव्या कडेची सगळ्यात वरची, मधली आणि सगळ्यात खालची घरं. बीमध्ये ती भरलेली, आठमध्ये रिकामी. बाकी बत्तीस घरं हुबेहूब सारखी. फुटेजमध्ये अक्षराच्या वाट्याला सात पिक्सेलची उंचीही येत नाही, गाडी पळत असते, वर जागा वाचवायला व्हिडिओ बारीक तपशील टाकून, दाबून साठवलेला असतो. त्या तीन घरांचं आठ-की-बी हे सगळं भांडण अशा वेळी एका करड्या डागात मिटून जातं.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते, म्हणून जरा थांबतो. नेटवर्कला जर एवढंच सांगितलं की तुझं उत्तर सरासरीने कमीत कमी चुकू दे, तर ते काय करेल? आठ आणि बी दोन्ही सारखेच शक्य असतील, तर त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित उत्तर म्हणजे दोघांच्या मधलं काहीतरी: बत्तीस घरं स्पष्ट आणि ती तीन घरं करडी, धूसर. दिसायला ते वाईट दिसतं, पण मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. धूसरपणा नेमका तिथेच आहे जिथे माहिती नाही.

लोकांना मात्र धूसर चित्र नको असतं. म्हणून दुसरा प्रकार आला. त्यात एक वेगळं नेटवर्क परीक्षक म्हणून बसवतात. समोरचं चित्र खऱ्या फोटोसारखं दिसतं की बनवलेलं, एवढंच ते सांगतं. अर्धवट करड्या कडेचं अक्षर कुठल्याच खऱ्या प्लेटवर नसतं, म्हणून परीक्षक ते नापास करतो. पास व्हायचं तर पहिल्या नेटवर्कला एक बाजू घ्यावीच लागते. एकतर ठळक आठ काढायचा, नाहीतर ठळक बी. दोन्ही पास होतात. कोणता खरा, हे परीक्षक विचारतच नाही. २०१७ साली आलेली एसआरगॅन ही पद्धत याच प्रकारची. तिच्या शोधनिबंधातच हे दिसतं: माणसांना तिची चित्रं अधिक खरी वाटली, पण मूळ चित्राशी पिक्सेलवार ताडून पाहिलं तर त्याच लेखकांच्या साध्या, मऊसर चित्रं देणाऱ्या नेटवर्कपेक्षा तिची चूक जास्त होती. पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेतल्या दोन संशोधकांनी गणिताने दाखवलं की हा एका पद्धतीचा दोष नाही. एका मर्यादेपलीकडे चित्र अधिक खरं दिसायला हवं असेल, तर ते मूळापासून अधिक लांब जाण्याची किंमत द्यावीच लागते.

चेहऱ्याचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी पल्स नावाची पद्धत मांडली. १६ बाय १६ पिक्सेलचा चेहरा द्यायचा आणि १०२४ बाय १०२४ चा घ्यायचा. म्हणजे दर पिक्सेलच्या जागी ४०९६ पिक्सेल. ही पद्धत एका चेहरे बनवणाऱ्या नेटवर्कमध्ये असा चेहरा शोधते, की जो पुन्हा लहान केला तर दिलेल्या चित्राशी जुळेल. त्याच वर्षी कुणीतरी तिला बराक ओबामांचा पुसट केलेला फोटो दिला. मूळ फोटो इतका ओळखीचा, की तशा अवस्थेतही बघणाऱ्याला ओबामाच दिसत होते. पद्धतीने परत दिला तो एका गोऱ्या माणसाचा चेहरा, त्वचेच्या छिद्रांसकट स्वच्छ. वंशाच्या पूर्वग्रहावर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मला त्यातली आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. हा भलताच चेहरा लहान केला की ओबामांच्या पुसट चित्राशी जुळतो. पद्धतीची अटच ती होती. म्हणून "सुधारलेलं चित्र लहान करून पाहिलं, मूळाशी तंतोतंत जुळतं" असं कुणी न्यायालयात सांगितलं, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. त्या सत्त्याऐंशी लाख प्रकारांपैकी प्रत्येक प्रकार ही परीक्षा पास होतो.

मग बनाव ओळखायचा कसा? एकच फुटेज दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढा. लागोपाठच्या पाच फ्रेम स्वतंत्रपणे टाका. तिसरं अक्षर एका फ्रेममध्ये आठ, दुसरीत बी, तिसरीत तीन आलं, तर ते अक्षर फुटेजमध्ये नाही हे उघड आहे. पण उलटं खरं नाही, हे लक्षात ठेवा. सगळ्या फ्रेममध्ये आठच आला तरी तो खरा ठरत नाही, कारण नेटवर्कची सवय दर वेळी तीच असते. त्यापेक्षा भक्कम चाचणी म्हणजे त्याच कॅमेऱ्यासमोर, तेवढ्याच अंतरावरून, तशाच उजेडात, नंबर माहीत असलेल्या गाड्या नेणं आणि सॉफ्टवेअर किती वेळा चुकतं ते मोजणं.

न्यायालयासमोर हा प्रश्न आलेला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयात बारबाहेरच्या गोळीबाराचा खटला चालू होता. मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ एआय सॉफ्टवेअरने स्पष्ट करून पुरावा म्हणून मांडला गेला, आणि तो मांडला होता बचाव पक्षाने. ज्याने व्हिडिओ सुधारला होता, त्याला ते सॉफ्टवेअर कोणत्या व्हिडिओंवर शिकलं आहे हे सांगता आलं नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी तो व्हिडिओ नाकारला. ही पद्धत न्यायवैद्यक व्हिडिओ तपासणीच्या क्षेत्रात मान्य झालेली नाही आणि प्रत्यक्षात काय घडलं याऐवजी मॉडेलला काय दिसायला हवं वाटतं ते ती दाखवते, असं त्यांचं म्हणणं होतं. मूळ व्हिडिओ दाखवायला अर्थातच हरकत नव्हती.

याचा अर्थ फुटेजला हातच लावायचा नाही, असा नाही. उजेड वाढवणं, कॉन्ट्रास्ट बदलणं, लेन्समुळे आलेला बाक सरळ करणं यात चित्रात असलेलंच दिसतं होतं, आणि कोणती पायरी केली ते लिहून ठेवलं की दुसरा तज्ज्ञ तीच पायरी करून तोच निकाल मिळवू शकतो. अनेक फ्रेम एकत्र करण्याचा मार्गही खरा आहे. गाडी फ्रेममागून फ्रेम अर्धा-पाव पिक्सेल सरकत असते. पहिल्या फ्रेमने चौघांची बेरीज ४०० सांगितली असेल, तर सरकलेली फ्रेम थोड्या वेगळ्या चौघांची बेरीज सांगते. अशी समीकरणं वाढली की शक्यता खरोखर कमी होतात, कारण ही नवी माहिती कॅमेऱ्यानेच नोंदलेली असते. अडचण येते ती व्हिडिओ दाबून साठवल्याने. त्यात पुढची फ्रेम पुष्कळदा मागच्या फ्रेमचे तुकडे सरकवूनच तयार केलेली असते, आणि मग दहा फ्रेम असल्या तरी हाती दोनच फ्रेमची माहिती येते.

चांगला तज्ज्ञ अशा प्लेटचा अहवाल एका नंबरात देत नाही. तो लिहितो: पहिलं अक्षर ठामपणे वाचता येतं; तिसरं आठ, बी किंवा तीन; पाचवं एक नाही, एवढंच सांगता येतं. हा अहवाल अधुरा वाटेल, पण तपासाला तो उपयोगी पडतो. त्यावरून गाड्यांची यादी लहान करता येते आणि पुढे रंग, मॉडेल, वेळ यांवरून आणखी छाटता येते. बनवलेला नंबर खरी गाडीच यादीबाहेर टाकू शकतो. चेहऱ्याच्या बाबतीत धोका याहून मोठा आहे. बनवलेला चेहरा साक्षीदाराला एकदा दाखवला की त्याच्या आठवणीत तोच बसू शकतो, आणि चेहरा जुळवणाऱ्या यंत्रणेत टाकला तर त्या काल्पनिक माणसासारखा दिसणारा कुणी जिवंत माणूस संशयित ठरतो.

म्हणून फुटेज हाती येणार असेल तर पहिलं काम मूळ फाइल रेकॉर्डरमधूनच उतरवून घेण्याचं. पडद्याचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ किंवा मेसेजमधून फिरून आलेली प्रत नको. त्यात उरलीसुरली माहितीही दाबली जाते. फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडी ठसा, त्याच वेळी नोंदवा, आणि उशीर करू नका, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर जुन्या फुटेजवर नवं लिहायला लागतो.